यादी लांबतेय, पण नवं काही येतंय का?

*आम्ही तिघं मिळून एक पॉडकास्ट करायचं ठरवून सहा महिने दर रविवारी भेटतोय. विषय ठरत नाही. यादी १२० कल्पनांवर गेलीय. तीन वेळा एक विषय पक्का केला, पण पुढच्याच रविवारी त्याहून भारी काहीतरी सुचलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. घाईने भलतंच निवडलं तर, ही धास्ती आहे. अजून एक मिनिटही रेकॉर्ड केलेलं नाही, याची लाजही वाटते. सुचवणं कधी थांबवायचं हे ओळखायचं कसं? यादी सोबत पाठवतेय, तारखा आणि कोणी सुचवलं त्या नावांसकट.*
*— एक वाचक*

यादी पाठवलीत हे फार बरं केलंत, आणि तारखांसकट पाठवलीत हे त्याहून बरं. अशा पत्रांतून बहुतेक वेळा नुसती तगमग येते, तिच्यावर सल्ला देणं म्हणजे अंदाजपंचे कारभार. तुमच्या बाबतीत उत्तर कागदावरच आहे, फक्त मोजायचं राहिलंय.

तुमची यादी मी छापून घेतली, एकेका कल्पनेची चिठ्ठी कापली आणि त्यांचे गट लावत बसले. गट लावताना विषय सारखा आहे का हे पाहिलं नाही. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारला: या दोन कल्पना उद्या खरोखर करायला घेतल्या, तर काम एकाच तऱ्हेचं असेल का? लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, रात्रपाळीची नर्स, मुद्रितशोधक, पियानो जुळवणारा, हे सगळे तुमच्या यादीत वेगवेगळ्या ओळींवर आहेत. पण चौघांच्याही बाबतीत काम एकच: अनोळखी माणसाला गाठायचं आणि त्याच्या कामाबद्दल बोलतं करायचं. ही चार कल्पनांची यादी नाही, ही एका कल्पनेच्या चार भागांची यादी आहे. अशा ३१ चिठ्ठ्या एकाच गटात पडल्या.

सगळं लावून झाल्यावर १२० चिठ्ठ्यांचे १६ गट झाले. मग तारखांकडे वळले. पहिल्या ४० कल्पनांनी ११ गट उघडले होते. पुढच्या ४० कल्पनांनी चार. शेवटच्या ४० कल्पनांनी फक्त एक, तो एका इमारतीतले दिवसभराचे आवाज टिपण्याचा. बाकीच्या ३९ आधीच्याच गटांत जाऊन बसल्या. म्हणजे यादी त्याच वेगाने लांबत होती, पण तिच्यात नवं येणं जवळजवळ थांबलं होतं. तुम्ही रविवारी सरासरी पाच कल्पना काढता, त्या हिशेबाने हे आठ रविवार झाले.

एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं की थांबण्याची खूण बहुतेक जण स्वतःच्या मनात शोधतात, आणि मन इथे दोन्हीकडून फसवतं. डोकं चालेनासं झालं की 'आता संपलं' असं वाटतं. ब्रायन लुकस आणि लोरन नॉर्डग्रेन या संशोधकांनी २०२० मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. बैठक जसजशी पुढे जाईल तसतशा आपल्या कल्पना पडेल होत जातील असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात तसं होत नाही, त्यांचा कस टिकतो किंवा वाढतो. म्हणजे थकव्यावरून थांबणारा माणूस बरेचदा लवकर थांबतो. उलट बाजूला तुमच्यासारखे लोक असतात. त्यांना अजून सुचतंय, म्हणून ते थांबत नाहीत. पण सुचत राहणं ही काही खूण नाही. एका चांगल्या गटातून माणसाला वर्षभर सुचत राहील. लिफ्टवाल्यानंतर क्रेनवाला सुचेल, क्रेनवाल्यानंतर दीपगृहाचा राखणदार.

म्हणून मी मोजते. मोजायची एक सोपी आणि जुनी रीत आहे. दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर असताना ॲलन ट्युरिंग आणि त्यांचे सहकारी जॅक गुड यांच्यापुढे एक प्रश्न होता: आतापर्यंत जे दिसलंय त्यावरून, अजून न दिसलेलं किती शिल्लक असेल? गुड यांनी पुढे १९५३ मध्ये ती रीत प्रसिद्ध केली. जे प्रकार तुम्हाला फक्त एकदाच आढळले ते मोजा आणि त्या आकड्याला एकूण नमुन्यांच्या संख्येने भागा. पुढचा नमुना अगदी नव्या प्रकारचा निघण्याची शक्यता साधारण तेवढी असते.

तुमच्या १६ गटांपैकी तीन गटांत एकेकच चिठ्ठी आहे. ३ भागिले १२०, म्हणजे अडीच टक्के. चाळीस कल्पना काढाल तेव्हा एखादी खरोखर नवी मिळेल. शेवटच्या चाळिसांत झालंही तेच. तेव्हा 'थांबावं का?' असं स्वतःला विचारू नका, त्याला उत्तर नाही. 'एका नव्या गटासाठी अजून आठ रविवार द्यायचे का?' असं विचारा. याला उत्तर आहे, आणि ते तुम्ही तिघं पाच मिनिटांत देऊ शकाल.

हेच गणित उलटंही पडू शकतं. समजा १२० चिठ्ठ्यांचे ७० गट झाले असते आणि त्यांतल्या ५० गटांत एकेकच चिठ्ठी असती. मग पुढच्या दहा कल्पनांतल्या चार तरी नव्या निघण्याची शक्यता होती, आणि मी तुम्हाला सांगितलं असतं की निवडायची गडबड करू नका, अजून बसा. दहा-पंधरा कल्पनांवर मतदान घेऊन मोकळे होणारे लोक मी भरपूर पाहिलेत. त्यांच्या यादीत जवळजवळ प्रत्येक चिठ्ठी एकटी असते, आणि ते मात्र स्वतःला निर्णयक्षम समजतात.

आता या रीतीच्या मर्यादा. पहिली, गट किती बारीक पाडता यावर सगळा आकडा हलतो. प्रत्येक पेशा वेगळा गट धरलात तर तुमच्या यादीत कायम नवं येतंय असं दिसेल, आणि सगळ्याला 'माणसांच्या गोष्टी' म्हटलंत तर पहिल्याच रविवारी सगळं संपलं होतं असं निघेल. म्हणून 'काम एकाच तऱ्हेचं असेल का?' हाच प्रश्न धरून राहा. आणि गट लावायला शक्यतो असा माणूस बसवा ज्याची त्यात एकही कल्पना नाही. आपली चिठ्ठी दुसऱ्याच्या चिठ्ठीसारखी आहे हे कबूल करणं भल्याभल्यांना जड जातं. दुसरी मर्यादा अशी की एका कल्पनेमागून तिच्याच जातीची दुसरी येते, त्यामुळे अडीच टक्के हा अंदाज आहे, त्याला दशांशापर्यंत धरून बसू नका. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: हा आकडा तुम्ही तिघं, हाच प्रश्न, एवढ्यापुरताच खरा. चौथा माणूस आला किंवा प्रश्नच बदलला, म्हणजे 'विषय कोणता?' ऐवजी 'एका भागात किती आवाज असावेत?' असं विचारलंत, तर मोजणी नव्याने सुरू. तुम्हाला अजून हवंच असेल, तर तेच तिघं त्याच प्रश्नावर आणखी बसण्यापेक्षा हे दोन्ही उपाय परवडतील. तेही एकदाच करा, फार तर दोन बैठका.

एवढं झालं कल्पनांचं. पण तुमच्या तारखांत आणखी एक गोष्ट दिसली, ती जास्त कामाची आहे.

तुम्ही तीन वेळा विषय पक्का केलात. एरवीच्या रविवारी यादीत चार-पाच ओळींची भर पडते. पक्कं केल्यानंतरच्या तीन रविवारी मात्र ११, ९ आणि १० ओळी आल्यात. निर्णय झाला की कल्पनांना पूर! त्या ३० ओळींमधली एकही नवा गट उघडत नाही. आणि त्यांतल्या २२ एकाच मित्राच्या नावावर आहेत.

याला लगेच दोषी धरून मोकळे होऊ नका. माझ्या अनुभवात, निर्णयानंतर लगेच आलेली नवी कल्पना बहुतेक वेळा निवडलेल्या कल्पनेवरची हरकत असते. माणूस ताकाला जाऊन भांडं लपवतो. 'मला हे पटलेलं नाही' म्हणायचा संकोच वाटतो, आणि सुचवण्याच्या बैठकीत कोणाच्या कल्पनेला नावं ठेवायची नाहीत हा तर नियमच. मग नापसंती सांगायला एकच सभ्य वाट उरते: 'अरे, मला अजून एक भारी सुचलंय.'

तो नियम ॲलेक्स ऑस्बर्न या जाहिरात क्षेत्रातल्या माणसाने रूढ केला. सुचवताना पारख करू नका, जितकं जास्त तितकं चांगलं, हे त्यांचंच. पण त्यांनी पारख पुढे ढकलायला सांगितली होती, रद्द करायला नव्हे. बहुतेक मंडळी पहिला अर्धा नियम पाळतात आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी कधी वेळच ठेवत नाहीत. सहा महिन्यांत तुमची एकही बैठक निव्वळ पारखण्यासाठी झालेली नाही, हेही त्या तारखांवरून कळतं, कारण नवी ओळ पडली नाही असा एकही रविवार मला सापडला नाही.

तर त्या मित्राला पुढच्या वेळी नवी कल्पना सुचली की ती ऐकून घ्या, लिहून ठेवा, आणि मग विचारा: 'निवडलेल्यात तुला काय खुपतंय?' नुसतं 'काही नाही, सहज सुचलं' असं उत्तर आलं तर थोडं थांबा, घाई करू नका. दुसऱ्यांदा पक्क्या केलेल्या विषयाचं उदाहरण घ्या. 'जुनी पत्रं' ठरल्यावर त्याने जे सुचवलं ते सगळं जिवंत माणसांशी बोलण्याचं आहे. लिफ्टवाला, नर्स, बुद्धिबळाचा पंच. मला वाटतं त्याला पत्रं वाचून दाखवण्याचा कार्यक्रम कंटाळवाणा होईल अशी भीती होती. ही भीती रास्त आहे आणि तिच्यावर अर्धा तास बोलता येतं. त्या रविवारच्या ९ नव्या कल्पनांवर मात्र सहा आठवडे गेले.

आता निवडायचं कसं. यादी लांब असली की निवड आपोआप चांगली होते, हा समज आधी सोडा. एरिक रिट्झशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गटांना आधी कल्पना काढायला आणि मग त्यांतून निवडायला लावलं होतं. ज्यांनी जास्त कल्पना काढल्या त्यांची निवड काही सरस ठरली नाही. निवडलेल्या कल्पना एकूण यादीच्या सरासरीपेक्षा फारशा वरच्या नव्हत्या. निवडणं हे वेगळं काम आहे, वेगळ्या दिवशी करायचं, आणि त्याची कसोटी चिठ्ठ्या पुढ्यात घेण्याआधी लिहून ठेवायची. कल्पना समोर ठेवून कसोटी ठरवायला बसलात तर प्रत्येक जण आपल्या लाडक्या चिठ्ठीच्या मापाची कसोटी शिवून आणेल.

तुमच्यासाठी मी दोन चाळण्या सुचवते आणि त्यानंतर एक चाचणी. पहिली चाळणी कोरडी आहे: तुम्हा तिघांकडे आज जे आहे त्यात हे होईल का? जुन्या ध्वनिमुद्रणांवर उभे असलेले दोन गट इथेच जातात, कारण त्यांचे हक्क मिळवणं हा स्वतंत्र उद्योग आहे. दर भागाला प्रवास लागणारे तीन गटही जातात. १६ चे ११ उरले. यावर चर्चा करायची नाही, हो किंवा नाही एवढंच.

दुसरी चाळणी पॉडकास्टसाठी खास आहे. उरलेल्या प्रत्येक गटासाठी तिघांनी वेगवेगळं बसून दहा भागांची नावं लिहायची. प्रत्येक गटाला दहा मिनिटं. 'भाग ४: अमक्याशी गप्पा' असलं नाव चालणार नाही, त्या भागात कळेल काय ते नावातून समजलं पाहिजे. एकत्र बसू नका, कारण एक जण बोलत असताना दुसऱ्याच्या डोक्यातलं विरून जातं. हे मी माझ्यापुरतं करून पाहिलं. 'हरवलेल्या वस्तू' ऐकायला फार मोहक, पण माझी सहा नावं झाली आणि सातवं पहिल्यासारखंच यायला लागलं. 'जुनी पत्रं' चारवर संपलं. तो एक सुंदर भाग आहे, मालिका नाही. लोकांच्या कामाचा गट दहाच्या पुढे सहज गेला. 'भांडणं कशी मिटली' हाही गेला, आणि हे मला अपेक्षित नव्हतं, कारण तुमच्या यादीत त्या गटात दोनच चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठ्यांची संख्या म्हणजे गटाची ताकद नव्हे, हे ध्यानात ठेवा. ३१ चिठ्ठ्यांच्या गटाला झुकतं माप देण्याचा मोह होईल. तुम्हाला कशाबद्दल सहज सुचतं एवढंच त्या ३१ सांगतात.

या चाळणीतून दोन किंवा तीन गट उरतील. चार उरले तर ज्यात तिघांपैकी एकाचीच दहा नावं झाली तो काढून टाका. आता बोलणं बंद करा आणि प्रत्येकाचा दहा मिनिटांचा नमुना रेकॉर्ड करा, एकाच आठवड्यात, साध्या फोनवर. संपादन नको, संगीत नको. ऐकण्याआधी एक वाक्य कागदावर लिहा, ज्याच्यावर निवड होईल. माझी शिफारस: 'यापैकी कोणता नमुना संपल्यावर पुढे काय झालं हे अनोळखी माणसाला विचारावंसं वाटेल?' मग तुमच्याशी नातं नसलेल्या चार-पाच जणांना ऐकवा आणि त्यांनी काय विचारलं ते लिहून काढा. आवडलं का, असं विचारू नका. सगळे 'छान आहे' म्हणतील आणि तुम्ही होता तिथेच राहाल.

इथे कोणीतरी ३७ टक्क्यांचा नियम काढेल म्हणून आधीच सांगते. पहिले ३७ टक्के पर्याय नुसते पाहायचे आणि मग त्या सगळ्यांपेक्षा सरस असा पहिला दिसला की घ्यायचा, असं एक गणित आहे आणि ते बरोबर आहे. पण ते अशा प्रसंगासाठी आहे जिथे पर्याय एकामागून एक येतात आणि सोडलेला पर्याय परत मिळत नाही. तुमच्या कल्पना कुठे पळून जात नाहीत. सोडलेली कल्पना पुढच्या वर्षीही त्याच ओळीवर बसलेली असेल.

तुमची धास्ती मात्र खरी आहे, ती गणिताने जाणार नाही. तिच्यासाठी निर्णयाबरोबरच तो मोडण्याची अट लिहून ठेवा. तीन भाग पूर्ण होऊन लोकांपर्यंत जाईपर्यंत विषय बदलायचा नाही. या काळात जे सुचेल ते वेगळ्या वहीत, तारखेसह, आणि बैठकीत ती वही उघडायची नाही. तिसऱ्या भागानंतर एक बैठक वहीसाठी. त्या दिवशी वहीतली कल्पना जिंकायची असेल तर तिने त्याच दोन चाळण्या पार करून, दहा मिनिटांचा नमुना सोबत घेऊन यावं. नुसत्या एका ओळीने तीन तयार भागांना हरवता येत नाही. आत्तापर्यंत तुमच्याकडे हेच होत होतं: कच्ची आणि म्हणूनच निर्दोष दिसणारी कल्पना, तपशिलात उतरल्यामुळे खरचटलेल्या कल्पनेला सहज हरवायची.

दोन नमुने अगदी तोलामोलाचे निघाले तर? मग नाणं उडवा. चिडू नका, हे गांभीर्याने सांगतेय. तुम्हीच लिहिलेल्या कसोटीवर दोन्ही सारखे ठरले असतील, तर त्यांच्यातला फरक आणखी चर्चेने दिसणार नाही, तो पाचव्या-सहाव्या भागात दिसेल. नाणं मात्र त्या २२ ओळींवाल्या मित्राच्या हातात द्या, आणि ते पडल्यावर त्याचा चेहरा पाहून 'बोल, काय खुपतंय?' हा प्रश्न लगेच, तिथल्या तिथे विचारा. पुढच्या रविवारपर्यंत थांबलात तर तो दहा ओळी घेऊन येईल.